आज्जीचा कागद कुठे आहे?

२०१७ च्या पावसाळ्यात आमचे आण्णा, म्हणजे माझे आजोबा, कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात तेवीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि माझं काम फक्त डबा पोचवण्याचं होतं, त्यामुळे खोलीबाहेरच्या बाकावर मला बरंच ऐकायला मिळालं. नवव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "त्यांनी स्वतः कधी काही सांगून ठेवलंय का?" आत्या म्हणाली, टीव्हीवर कुठलीशी मालिका बघताना ते म्हणाले होते, मला असं लोळवत ठेवू नका. काका म्हणाले, "ते काय, जेवणात मीठ कमी असलं तरी जगण्यात राम नाही म्हणायचे." दोघांचंही खरं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. चौदा दिवसांनी आण्णांचं हृदय आपोआप थांबलं आणि निर्णय कुणालाच घ्यावा लागला नाही.

पुढे या विषयाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं, की आण्णांनी त्या वेळी लिहून ठेवलं असतं तरी उपयोग झाला नसता. अशा कागदाला भारतात कायद्याचं बळ मिळालं ते ९ मार्च २०१८ रोजी, आण्णा गेल्यावर काही महिन्यांनी.

कल्पना मात्र जुनी. १९६९ साली शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी एका कायदेविषयक नियतकालिकात 'लिव्हिंग विल'चा प्रस्ताव मांडला. शुद्ध हरपल्यावर कुठले उपचार नकोत हे माणसाने शुद्धीत असतानाच लिहून ठेवावं, एवढीच ती कल्पना. पण मला थांबवलं ते एका बारीक सूचनेने. हा कागद माणसाने सतत स्वतःजवळ बाळगावा आणि मूळ प्रत पत्नी, डॉक्टर, वकील किंवा विश्वासातल्या कुणाकडे तरी असावी, असं कुटनर सुचवतात. म्हणजे कागदात काय लिहायचं याच्या जोडीला तो कुठे ठेवायचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. आपल्याकडची पुढची पन्नास वर्षं एका अर्थाने या दुसऱ्या प्रश्नातच गेली.

मराठी वाचकाला हा विषय अरुणा शानबाग यांच्यामुळे माहीत असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या. श्वास त्यांचा त्या घेत होत्या, प्रश्न अन्नाचा होता. पत्रकार पिंकी विराणी यांनी ते थांबवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि केईएमच्या कर्मचाऱ्यांनी ठाम विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली, कारण अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे असं न्यायालयाला वाटलं. निकाल वाचताना मला आमचा बाक आठवला. अरुणा यांना स्वतःला काय हवं होतं याचा एक शब्दही कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे सगळा वाद 'त्यांचं माणूस कोण' यावर आला.

त्याच निकालाने काही परिस्थितीत उपचार काढून घेण्याची वाट मोकळी केली, पण ती उच्च न्यायालयातून जात होती. किमान दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ, त्याने नेमलेले तीन डॉक्टर, मग निर्णय. कोल्हापूरच्या कुटुंबासाठी याचा अर्थ मुंबई. आता सीपीआरसमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, पण ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुणी तेव्हा एसटीने मुंबई गाठून याचिका केली असती, हे कल्पनेतही अवघड आहे.

२०१८ चा 'कॉमन कॉज' निकाल पाच न्यायमूर्तींचा. त्याने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राची रीतही घालून दिली. सही दोन साक्षीदारांसमोर करायची, शक्यतो त्रयस्थ. त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी. मग दंडाधिकाऱ्यांनी एक प्रत आपल्या कार्यालयात ठेवायची, शिवाय डिजिटल स्वरूपातही जपायची, एक जिल्हा न्यायालयाकडे पाठवायची, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे, कुटुंबाला कळवायचं आणि फॅमिली डॉक्टर असेल तर त्यालाही प्रत द्यायची. कागदावर ही व्यवस्था भक्कम दिसते. माझ्या धंद्यातल्या माणसाला मात्र ती बघताच खटकते: लिहिण्याच्या जागा पाच, आणि वाचण्याची वेळ एकच, रात्री दोनला, अतिदक्षता विभागात. शिवाय सुरुवातच दंडाधिकाऱ्यांच्या दारात. चेक बाउन्सचे आणि मारामारीचे खटले चालवणाऱ्या कोर्टात सत्तरीतल्या बाईने हा कागद घेऊन उभं राहायचं.

अडचण सर्वांत आधी ज्यांना भिडत होती त्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने रीत सोपी केली. दंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. साक्षीदार दोनच राहिले. न्यायालयातल्या प्रती गेल्या. स्थानिक स्वराज्य संस्थेने एक जबाबदार अधिकारी नेमायचा, तो त्या कागदाचा अभिरक्षक. आणि वेळ आली की उपचार करणाऱ्या डॉक्टरने कागद खरा आहे का याची खात्री डिजिटल आरोग्य नोंदीतून किंवा या अभिरक्षकाकडून करून घ्यायची. वाचण्याची वाट पहिल्यांदा जरा सरळ झाली.

फक्त अभिरक्षक नेमलेला हवा. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं आणि ते सांभाळणारी व्यवस्थाच नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमण्याच्या कामाला गती आली. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून दाखवलं.

ही बातमी मी आज्जीला वाचून दाखवली. आज्जी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त, मंगळवार पेठेतल्या घरात राहते. ती म्हणाली, "जज्जानं केलंय म्हंजे करायला हरकत न्हाई. बस, लिही."

तिचं पहिलं वाक्य होतं, 'मला नळ्या लावू नयेत.' मी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "न्यूमोनिया झाला आणि चार दिवस मशीनवर ठेवून तू बरी होणार असशील तर?" "मग ठेवा की!" "आणि खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देताना घशात नळी घालतात ती?" आज्जीने माझ्याकडे वैतागून बघितलं. पण याच ठिकाणी असे कागद फसतात. मजकूर मोघम असेल तर डॉक्टरांचं मंडळ त्यावर चालत नाही, आणि चालू नये. दोन संध्याकाळ घालवून आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या मदतीने मजकूर झाला. आजार बरा होण्याची आशा नसेल आणि स्वतः निर्णय घेण्याची शुद्ध परत येणार नसेल, तेव्हाच हे लागू. तेव्हा व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून नळी, डायलिसिस आणि हृदय थांबल्यावर छाती दाबणं नको. वेदनेची औषधं, स्वच्छता, तोंड ओलं ठेवणं हे शेवटपर्यंत हवं. बरं होण्याची शक्यता असेल तर ठरावीक दिवस व्हेंटिलेटर लावून बघायला हरकत नाही, सुधारणा नसेल तर काढावा. शेवटचं कलम तिने स्वतः सांगितलं: 'हे मी कुणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही, कधीही बदलू शकते.'

हा कागद म्हणजे स्विच नव्हे, हेही तिला सांगितलं. त्याच्यावर कुणी लगेच मशीन बंद करत नाही. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं मंडळ मत देतं, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत. मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. कागदात नाव असलेल्या नातलगाची संमती लागते, आणि प्रत्यक्ष उपचार काढण्याआधी रुग्णालय दंडाधिकाऱ्यांना कळवतं. कागद नसला तरी कुटुंबाच्या संमतीने हीच मंडळं निर्णय घेऊ शकतात. फरक इतकाच की तेव्हा बाकावरची माणसं अंदाज बांधत असतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नोटरीसमोर सही झाली. साक्षीदार शेजारच्या काकू आणि आज्जीच्या शाळेतल्या एक जुन्या बाई. दोघींना घरातून काही मिळणार नाही, म्हणूनच निवडल्या. संमती देणारे म्हणून आई आणि काका. प्रती पाच: मूळ आज्जीकडे, बाकीच्या आई, आत्या, डॉक्टर आणि स्थानिक कार्यालय. कार्यालयातली अर्जासोबत दिली आणि आमच्या पोच-प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. आज्जी करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात राहत असती तर हीच प्रत ग्रामपंचायतीत गेली असती.

मग मी पुण्याहून एक चाचणी घेतली. एका रात्री अकराला आईला फोन केला, "आज्जीचा कागद कुठे आहे? फोटो पाठव." चाळीस मिनिटं लागली. मूळ प्रत लोखंडी कपाटाच्या तिजोरीत, किल्ली आज्जीच्या कनवटीला आणि आज्जी झोपलेली. आईला स्वतःची प्रत कुठे ठेवली ते आठवेना. आता एक झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये औषधांच्या डब्याशेजारी टांगलेली आहे, आणि चौघांच्या फोनमध्ये `aaji_AMD_2024-11.pdf` आहे.

मला वाटलं, झालं. गेल्या दिवाळीत फराळ करताना काका आज्जीला म्हणाले, "आई, त्या कागदावरचं माझं नाव काढ. आण्णांच्या वेळी मी नाही म्हणत राहिलो, आणि तुझ्या वेळीही माझ्याच्यानं हो म्हणवणार नाही." कुणी काही बोललं नाही. आज्जीने त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

नियम असा, की एकाहून जास्त इच्छापत्रं असतील तर शेवटचं ग्राह्य. पण ते शेवटचं आहे हे रात्री दोनला कुणाला कळणार? डॉक्टरांच्या फाइलमधला जुना कागद बाहेर आला तर रुग्णालय काकांनाच फोन करणार, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. म्हणून डिसेंबरमध्ये काकांच्या जागी आत्याचं नाव घालून नवा कागद केला. त्यात पहिल्याच ओळीत जुन्याची तारीख देऊन तो रद्द केल्याचं लिहिलं. रद्द करायचंही लेखीच लागतं. साक्षीदार पुन्हा त्याच दोघी. कार्यालयात नवी प्रत देताना अर्जात जुना आवक क्रमांक टाकला. डॉक्टरांनी फाइल काढून जुन्या कागदावर आडवी रेघ मारली, फोनमधल्या फाइली मी एकेकाला समोर बसवून बदलल्या.

राहिली आत्याची प्रत. तिने ती इचलकरंजीत नेऊन लॅमिनेट करून घेतली होती, फाटू नये म्हणून. परवा तिने फोटो पाठवला: स्वयंपाकघरातली कात्री आणि ओट्यावर चार तुकडे.