प्रमाणित नमुना करार आणि अनुचित कलमे

प्रमाणित नमुना करार म्हणजे ज्याचा मसुदा एका पक्षाने आधीच तयार करून ठेवलेला असतो आणि दुसऱ्या पक्षाला तो आहे तसा स्वीकारावा लागतो, असा करार होय. बोलीभाषेत त्यास ‘छापील करार’ म्हणतात. विमापत्र, कर्जाचा करारनामा, वाहनखरेदीचा नोंदणी अर्ज व सदनिकेचा विक्री करारनामा ही त्याची नित्याची उदाहरणे आहेत. असा करार केवळ छापील आहे म्हणून बेकायदेशीर ठरत नाही. मात्र त्यातील एखादे कलम एका बाजूस अवाजवी झुकलेले असेल, तर ग्राहकास त्यास आव्हान देता येते. प्रस्तुत लेखात सदनिका खरेदीच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

## कायदेशीर पार्श्वभूमी

भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र संकल्पना नाही. अवाजवी दबाव (कलम १६), सार्वजनिक धोरणास विरोध (कलम २३) आणि दंडाच्या रकमेवरील मर्यादा (कलम ७४) यांच्या आधारे न्यायालये दाद देत आली. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली (१९८६) या खटल्यात, दोन पक्षांच्या सौदाशक्तीत मोठी तफावत असेल तेव्हा अन्यायकारक कलम अमलात आणले जाणार नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मांडले. समान ताकदीच्या व्यापाऱ्यांमधील करारांना हे तत्त्व लागू होत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ‘अनुचित करार’ या संज्ञेची प्रथमच व्याख्या केली. कलम २(४६) नुसार ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय बदल घडवून आणणारा करार अनुचित ठरतो. त्याचे सहा प्रकार तेथे दिले आहेत : अवाजवी सुरक्षा ठेव मागणे, नुकसानाच्या मानाने बेसुमार दंड आकारणे, लागू दंड भरण्याची तयारी असूनही कर्जाची मुदतपूर्व परतफेड नाकारणे, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार रद्द करण्याचा अधिकार राखणे, ग्राहकाच्या संमतीविना त्याचे अहित होईल अशा रीतीने करार तिसऱ्याकडे सोपवणे आणि ग्राहकास तोट्यात टाकणारा अवाजवी आकार किंवा अट लादणे.

## सदनिका करारांतील असमतोल

एकतर्फी कलम ओळखण्याची सोपी रीत म्हणजे एकाच चुकीसाठी दोन्ही पक्षांना काय भोगावे लागते, याची तुलना करणे. खालील उदाहरण काल्पनिक आहे.

सातारा शहरातील एका ग्राहकाने ६०० चौरस फूट चटई क्षेत्राची सदनिका ३० लाख रुपयांना घेतली आणि त्यांपैकी २४ लाख रुपये भरले. हप्ता चुकल्यास ग्राहकाने वार्षिक १८ टक्के व्याज द्यावे, तर ताबा लांबल्यास विकासकाने चौरस फुटास दरमहा ५ रुपये द्यावेत, असे करारनाम्यात छापलेले आहे. ताबा एक वर्ष लांबला, तर विकासकाची देणेदारी ६०० × ५ × १२ म्हणजे ३६,००० रुपये होते. भरलेल्या रकमेवर हा परतावा अवघा दीड टक्का पडतो. तेवढ्याच रकमेचा हप्ता ग्राहकाने वर्षभर थकवला असता, तर त्यास ४,३२,००० रुपये व्याज द्यावे लागले असते. हे प्रमाण एकास बारा असे आहे. स्वतंत्रपणे वाचल्यास दोन्ही कलमे निरुपद्रवी वाटतात, शेजारी ठेवल्यावर मात्र त्यांतील असमतोल उघड होतो.

## महत्त्वाचे निर्णय

पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या खटल्यात (२ एप्रिल २०१९) गुरुग्राममधील सदनिकेचा करार विचारात होता. ग्राहकाच्या विलंबावर १८ टक्के व्याज होते. विकासकाच्या विलंबात मात्र सवलतीच्या मुदतीनंतरही १२ महिने थांबून, नंतर ९० दिवसांची नोटीस देऊन परतावा मागता येणार होता आणि तो परतावाही लांबला तरच ९ टक्के व्याज मिळणार होते. ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून ग्राहकास पर्याय नव्हता, हे दिसून आल्यास असे कलम अंतिम व बंधनकारक ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. एकतर्फी कलमे करारात घालणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असेही ठरले. राष्ट्रीय आयोगाने दिलेला १०.७ टक्के व्याजासह परताव्याचा आदेश कायम राहिला.

विंग कमांडर अरिफुर रहमान खान विरुद्ध डीएलएफ सदर्न होम्स (२४ ऑगस्ट २०२०) या बेंगळुरूच्या प्रकरणात करारात चौरस फुटास दरमहा ५ रुपये हीच भरपाई होती. तेवढ्यावरच ग्राहकास अडवता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याखेरीज भरलेल्या रकमेवर वार्षिक ६ टक्के भरपाई दिली. ताबा घेतला किंवा खरेदीखत झाले, एवढ्यामुळे भरपाईचा हक्क बुडत नाही, असेही स्पष्ट केले.

## दाद मागण्याचे मार्ग

सातारा व सांगली येथील ग्राहकापुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास येथे तक्रार करता येते. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, त्या जिल्ह्यातही ती दाखल होऊ शकते. त्यामुळे विकासकाचे कार्यालय पुण्यात किंवा मुंबईत असले, तरी साताऱ्याच्या ग्राहकास तेथे जाणे भाग नसते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (२०१८) या खटल्यात ठरले आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वरील उदाहरणात ते १,००० रुपये पडेल. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. ‘अनुचित करार’ म्हणून कलम रद्दबातल ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगास नाही. तो राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे (कलमे ४९ व ५९). म्हणून केवळ ‘हे कलम रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगापुढे केल्यास ती फेटाळली जाण्याचा धोका असतो. सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापार प्रथा या मुद्द्यांवर भरपाई किंवा परतावा मागितल्यास मात्र जिल्हा आयोग दाद देऊ शकतो. कलमच रद्द करवून घ्यायचे असल्यास राज्य आयोगाकडे जावे लागते, हा दुसरा मार्ग होय.

तिसरा मार्ग महारेराचा आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार व्याजाचा दर दोन्ही पक्षांना समानच असावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांत तो भारतीय स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमांत कर्जदरापेक्षा २ टक्के अधिक आहे. समजा हा दर १० टक्के धरला, तर वरील उदाहरणातील ३६,००० रुपयांऐवजी २,४०,००० रुपये देय होतात. मात्र भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असल्यास किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसल्यास प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. लहान शहरांतील छोट्या इमारती अनेकदा या सवलतीत बसतात. अशा वेळी ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो.

## मर्यादा

किंमत जास्त वाटली किंवा व्यवहार नंतर परवडेनासा झाला, या कारणाने करार अनुचित ठरत नाही. व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारा ‘ग्राहक’ मानला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी केलेली खरेदी त्यास अपवाद आहे. पुराव्याचा भार तक्रारदारावर असतो. म्हणून सही केलेल्या करारनाम्याची पूर्ण प्रत, भरण्याच्या पावत्या आणि कलम बदलून मागितल्याचा व ते नाकारल्याचा लेखी पत्रव्यवहार महत्त्वाचा ठरतो. करार लादला गेला होता, हे या पत्रव्यवहारावरूनच अधिक ठामपणे दाखवता येते.