विमा सखी : अर्जदाराच्या बायोडाटाची पडताळणी (राजूर, जि. यवतमाळ)

विमा सखी, बायोडाटाची पडताळणी : भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या (एलआयसी) विमा सखी योजनेसाठी अर्ज करणाऱ्या महिलेने दिलेली माहिती एजन्सीच्या पात्रतेशी, व्यवसायाच्या उद्दिष्टाशी आणि पॉलिसी चालू राहण्याच्या अटीशी ताडून पाहण्याची रीत. प्रस्तुत नोंदीत राजूर या वणी तालुक्यातील गावाच्या परिस्थितीत ही पडताळणी कशी करावी लागते, एवढाच भाग घेतला आहे.

योजना : पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपत येथे सुरू झाली. कागदोपत्री तिचे नाव ‘महिला करिअर एजंट’ योजना असे आहे. वय 18 ते 70 आणि शिक्षण किमान दहावी पास, या प्राथमिक अटी. पहिल्या वर्षी दरमहा 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000 आणि तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये विद्यावेतन मिळते, कमिशन वेगळे. ही महामंडळातील पगारी नोकरी नाही. गावात मात्र ती ‘एलआयसीची नोकरी’ म्हणूनच ओळखली जाते आणि बायोडाटाही नोकरीच्या थाटात लिहिले जातात. टायपिंग, एमएससीआयटी, छंद यांना अर्धे पान जाते आणि ज्या बाबींवर अर्ज टिकतो किंवा पडतो त्या राहून जातात.

अपात्रता : पडताळणी येथून सुरू करावी, कारण येथे अडलेला अर्ज पुढे नेण्यात अर्थ नसतो. महामंडळाच्या सध्याच्या एजंटाचे किंवा कर्मचाऱ्याचे जवळचे नातेवाईक या योजनेत घेतले जात नाहीत. पती वा पत्नी, मुले, आईवडील, भाऊ, बहीण आणि सासरकडील जवळची माणसे त्यात येतात. महामंडळाचे निवृत्त कर्मचारी, जुने एजंट आणि सध्याचे एजंट यांनाही या योजनेतून एजन्सी मिळत नाही. त्यामुळे इतर जाहिरातींत जमेची ठरणारी ओळ येथे अर्ज बाद करते. ‘पतीच्या एलआयसी एजन्सीचे काम पाच वर्षांपासून सांभाळते’ असे एखादी अर्जदार अभिमानाने लिहिते, आणि काम तिने खरोखरच केलेले असते. घरातल्या बाईने वर्षानुवर्षे हप्ते गोळा करायचे, पावत्या पोचवायच्या आणि एजन्सी मात्र नवऱ्याच्या नावावर असायची, ही ग्रामीण विमा व्यवसायातली जुनी रीत आहे. नियमाचा हेतू रास्त आहे : जुन्याच एजन्सीचा धंदा बायकोच्या नावावर वळवून विद्यावेतन घेतले जाऊ नये. पण त्याचा फटका नेमका जाणत्या बाईला बसतो, हेही नोंदले पाहिजे. अशा अर्जदाराला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे हे छाननी करणाऱ्याचे कर्तव्य आहे. नाते लपवून भरलेला अर्ज पुढे कधीही अंगावर येऊ शकतो.

परवाना : बायोडाटात ‘आयआरडीए परवानाधारक’ असे लिहिलेले आजही आढळते. विमा कायदा, 1938 मध्ये 2015 साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्राधिकरणाने एजंटाला परवाना देण्याची पद्धत संपली. 1 एप्रिल 2016 पासून लागू झालेल्या नियमांनुसार विमा कंपनी स्वतः एजंटाची नेमणूक करते. म्हणून आता पाहायचे ते नेमणूकपत्र आणि एजन्सी कोड. तीन वर्षांच्या मुदतीचे जुने परवानापत्र जोडलेले असेल, तर त्यावरून अर्जदाराने कधीकाळी परीक्षा दिली होती एवढेच कळते. नव्या अर्जदाराला आयसी-38 या नावाने ओळखली जाणारी पूर्वपरीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते.

एक एजंट एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचा असू शकतो. खासगी आयुर्विमा कंपनीत काम केलेल्या अर्जदाराची नोंद म्हणूनच बारकाईने तपासावी लागते. काम सोडणे आणि एजन्सी संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोडाटात ‘2022 ते 2024’ असे लिहिलेले असते, पण राजीनामा दिलेलाच नसतो. कोड कंपनीच्या दप्तरी तसाच पडून असतो आणि पॅन क्रमांक टाकताच तो दिसतो. जुन्या कंपनीचे एजन्सी समाप्तीचे प्रमाणपत्र मिळाले, की त्याच्या तारखेपासून 90 दिवसांनी दुसरी कंपनी नेमणुकीचा विचार करू शकते. प्रमाणपत्र 10 जानेवारीचे असेल, तर लीप वर्ष नसताना हे दिवस 10 एप्रिलला भरतात. मार्चच्या गर्दीत हा अर्ज रेटण्यात काही हाशील नसते.

व्यवसायाचे उद्दिष्ट : वर्षाला 24 जणांचा विमा आणि पहिल्या वर्षाचे कमिशन, बोनस कमिशन वगळून, 48,000 रुपये. बायोडाटात याचे उत्तर बहुधा ‘दांडगा जनसंपर्क’ एवढ्याच शब्दांत असते. त्याऐवजी गणित मांडून पाहावे. कमिशनचा दर योजनेनुसार बदलतो. हिशेबापुरता तो 20 टक्के धरला, तर 48,000 रुपयांसाठी पहिल्या वर्षाचा 2,40,000 रुपये हप्ता जमवावा लागतो. म्हणजे 24 पॉलिसींवर सरासरी 10,000 रुपये. महिन्याला दोन पॉलिसी हे ऐकायला सोपे वाटते. पण हातावर पोट असणाऱ्या घरात वर्षाला 10,000 रुपये हप्त्याची पॉलिसी घेणारी माणसे किती, हा प्रश्न अर्जदाराने नावानिशी यादी करून सोडवायचा असतो. यादीत पन्नास नावे असतील आणि त्यांतली चाळीस एकाच भावकीतली असतील, तर पहिले वर्ष निघेल, दुसरे निघणार नाही.

पर्सिस्टन्सी : विकलेल्या पॉलिसींपैकी ठरावीक काळानंतर चालू राहिलेल्यांचे प्रमाण. विमा सखीला दुसऱ्या वर्षाचे विद्यावेतन हवे असेल, तर पहिल्या वर्षी पूर्ण केलेल्या पॉलिसींपैकी किमान 65 टक्के चालू असाव्या लागतात. तिसऱ्या वर्षासाठी हीच अट दुसऱ्या वर्षाच्या पॉलिसींना लागते. संपूर्ण योजनेत ही अट सर्वांत निर्णायक आहे आणि अर्ज भरताना तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

पूर्वी विमा विकलेल्या अर्जदाराच्या बायोडाटात ‘पर्सिस्टन्सी 81 टक्के’ अशी ओळ असू शकते. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आकडा कोणत्या महिन्याचा आहे, ते आधी विचारावे. व्यवसायात 13व्या, 25व्या, 37व्या, 49व्या आणि 61व्या महिन्याचे आकडे काढतात. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीचा दुसरा हप्ता बारा महिन्यांनी येतो, त्यावर 30 दिवसांची सवलत. म्हणून 13व्या महिन्याच्या आतला आकडा अशा पॉलिसींबाबत नेहमीच उत्तम दिसतो. त्यानंतर विचारावे, की आकडा पॉलिसींच्या संख्येवर काढला आहे की हप्त्याच्या रकमेवर.

हा फरक एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, पहिल्या वर्षी 24 पॉलिसी झाल्या आणि एकूण हप्ता 2,40,000 रुपये भरला. त्यात 60,000 रुपयांची एक मोठी पॉलिसी आहे, बाकी लहान. वर्षभरात 5,000 रुपयांच्या नऊ पॉलिसी बंद पडल्या. गेलेला हप्ता 45,000 रुपये, राहिलेला 1,95,000. रकमेवर काढलेली पर्सिस्टन्सी 81 टक्क्यांहून थोडी जास्त येते आणि बायोडाटात तीच लिहिली जाते. पॉलिसी मात्र 24 पैकी 15 चालू आहेत, म्हणजे 62.5 टक्के. विमा सखीची अट पॉलिसींच्या संख्येवर आहे, त्यामुळे विद्यावेतन थांबते. एक पॉलिसी आणखी वाचली असती, तर 16 चालू राहून प्रमाण 66 टक्क्यांच्या वर गेले असते. एका हप्त्याच्या वसुलीवर दुसऱ्या वर्षाचे दरमहा 6,000 रुपये अवलंबून राहतात.

या काठावर आलेली एजंट स्वतःच्या खिशातून ग्राहकाचा हप्ता भरते. सगळीकडे हे घडते आणि त्याला ‘सांभाळून घेणे’ म्हणतात. ग्राहकाने पॉलिसी घ्यावी वा चालू ठेवावी म्हणून कमिशनमधून सूट देणे विमा कायद्याच्या कलम 41 नुसार निषिद्ध आहे आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पूर्वानुभव सांगणाऱ्या अर्जदाराने ड्यू लिस्ट किंवा वसुलीची डायरी दाखवली, तर ती जरूर चाळावी. एकाच दिवशी, सवलतीच्या अखेरच्या तारखेला, वेगवेगळ्या घरांचे हप्ते एकदम भरलेले दिसले, तर ते पैसे बहुधा त्या घरांतून आलेले नसतात.

राजूरची परिस्थिती : राजूर कोळशाच्या खाणीसाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते. भोवतालच्या गावांत कापूस आणि सोयाबीन. एकाच परिसरात उत्पन्नाचे तीन निराळे ताल आहेत आणि पॉलिसी टिकणे त्यांच्यावर अवलंबून असते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कायम कामगाराचा पगार दरमहा ठरलेला असल्याने त्याला मासिक हप्ता झेपतो, खात्यातून परस्पर कापून गेला तर उत्तमच. पण मासिक हप्त्याला सवलत फक्त 15 दिवसांची असते, आणि हा वर्ग आधीच जुन्या एजंटांच्या हातात असतो. भट्टीवरच्या मजुराचे काम पावसाळ्यात मंदावते. जूनमध्ये विकलेली तिमाही पॉलिसी सप्टेंबरमध्येच अडचणीत येते. शेतकऱ्याच्या हाती पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खेळतो. त्याला डिसेंबर किंवा जानेवारीत सुरू होणारी वार्षिक पॉलिसी द्यावी, म्हणजे दुसरा हप्ताही कापूस विकल्यावरच येतो. मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी त्याच्या गळ्यात मारलेली पॉलिसी पुढच्या मार्चमध्ये, पैसा देण्याघेण्यात संपल्यावर, बंद पडते. बंद पॉलिसीचे पुनरुज्जीवन करता येते, पण व्याजासह थकबाकी भरायला ग्राहक क्वचितच तयार होतो.

बायोडाटात या तालांची जाण दाखवणारे काय आहे, ते शोधावे. प्रस्तुत नोंदकाराच्या मते बचत गटाची सचिव म्हणून केलेले काम यासाठी सर्वांत भरवशाचे. दहा-बारा बायांकडून दरमहा वर्गणी गोळा करणे, कर्जाची परतफेड वहीत चढवणे, थकलेल्या घरी दुसऱ्यांदा जाऊनही संबंध बिघडू न देणे, हेच काम विमा सखीला करायचे असते. अर्जदार हे एका ओळीत उरकते, कारण तिला ते ‘अनुभव’ वाटत नाही. गटाची वही मागवून सलग वर्षभराच्या नोंदी पाहिल्या, तर तिची वसुली कोणत्या महिन्यांत खाली येते आणि ती पुढे कशी भरून निघते, हे दिसते. पदवीधर पण वसुली कधी न केलेल्या अर्जदारापेक्षा अशी दहावी पास महिला 65 टक्क्यांची अट पार करण्याची शक्यता अधिक.

कागदपत्रे : वय, पत्ता व शिक्षण यांच्या स्वयंसाक्षांकित प्रती आणि छायाचित्र. अपुरा अर्ज नाकारला जाऊ शकतो. माहेरच्या आणि सासरच्या नावांत फरक असेल, तर तो अर्जाआधीच मिटवावा.

‘आर्थिक सल्लागार’ हा उल्लेख : बायोडाटाच्या मथळ्यात तो आढळल्यास नोंदणी विचारावी. गुंतवणूक सल्लागाराला सेबीच्या 2013 च्या नियमांनुसार नोंदणी लागते. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन असतो, तो वेगळा. विमा एजंटाची नेमणूक या दोहोंपैकी कशाचीही जागा घेत नाही.