टीम तयार होण्याचे 5 टप्पे: कोणत्या टप्प्यावर टीम लीडने कसं वागायचं?

भिवंडीजवळच्या पूर्णा भागात गोडाऊनच गोडाऊन आहेत. तिथल्याच एका गोडाऊनमध्ये मी स्टॉकचा हिशोब रजिस्टरवरून मोबाईल स्कॅनिंग अ‍ॅपवर आणायचं काम पाहिलं. टीम सात जणांची आणि लीड मी. अ‍ॅप दोन दिवसांत सगळ्यांना जमलं, पण टीम जमायला दोन महिने लागले. असं का होतं, ते या लेखात पाहूया.

हे टप्पे कुठून आले?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये छोट्या गटांवरच्या 50 लेखांचा आढावा घेऊन चार टप्पे मांडले: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग आणि परफॉर्मिंग. 1977 मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत त्यांनी पाचवा टप्पा जोडला, तो म्हणजे अ‍ॅडजर्निंग.

1. फॉर्मिंग: सगळे नवे, सगळे गप्प

या टप्प्यात प्रत्येक प्रश्न लीडकडेच येतो. "दादा, हे कुठे ठेवू?" असं मला दिवसभर ऐकू यायचं. अशा वेळी "तुम्हीच ठरवा" म्हणून चालत नाही, कारण ठरवायला लागणारी माहितीच त्यांच्याकडे नसते. म्हणून मी एका कागदावर तीनच गोष्टी लिहून भिंतीला लावल्या: कोण काय स्कॅन करणार, कधी करणार आणि अडलं तर कोणाला सांगणार.

2. स्टॉर्मिंग: भांडणाचा टप्पा

दुसऱ्या आठवड्यात वाद सुरू झाले. रॅकवरून माल काढणारी मुलं म्हणायची, "स्कॅनिंगमुळे उशीर होतो." कॉम्प्युटरवर बसणारा म्हणायचा, "हे स्कॅन करतच नाहीत." दोघंही तक्रार माझ्याकडे आणायचे, तीही एकमेकांच्या मागे. स्टॉर्मिंगची हीच खूण.

इथे मी चूक केली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला, "वाद नको, काम करा." ग्रुप शांत झाला आणि मला वाटलं, मिटलं. प्रत्यक्षात मुलं चिठ्ठीवर नंबर लिहून संध्याकाळी एकदम एन्ट्री करू लागली होती. आठवड्याच्या मोजणीत अ‍ॅपमध्ये 40 कार्टन आणि रॅकवर 34, असा फरक निघाला तेव्हा मला ते कळलं.

मग मी सगळ्यांना रॅकपाशीच उभं केलं. "चूक कोणाची?" असं न विचारता "स्कॅन करून दाखवा" म्हणालो. पहिल्याच कार्टनचा बारकोड भिंतीकडे होता, म्हणजे प्रत्येक वेळी जड कार्टन फिरवावं लागत होतं. मुलं आळशी नव्हती, माल लावायची पद्धत चुकीची होती. म्हणजे या टप्प्यात लीडने वाद दाबायचा नाही, तो माणसांवरून कामावर आणायचा.

3. नॉर्मिंग: नियम टीमचे

उपाय टीमनेच काढला. माल आत येतानाच स्टिकर बाहेरच्या बाजूला ठेवायचा आणि स्कॅन न होणारं कार्टन वेगळ्या जागी ठेवून लगेच कळवायचं. आता लोक माझ्याऐवजी एकमेकांशी बोलू लागले. इथे लीडने एक पाऊल मागे यायचं. मला कोणी विचारलं, तर मी उलट विचारायचो, "तुम्ही काय ठरवलंय?" एक धोका मात्र असतो. जमलेलं बिघडू नये म्हणून लोक चुका बोलून दाखवत नाहीत. म्हणून साप्ताहिक मोजणी मी बंद केली नाही.

4. परफॉर्मिंग: लीड बाहेरच्या अडचणींसाठी

अडचण सुटल्यावर लोक तुम्हाला सांगायला लागले, की समजा हा टप्पा आला. आता रोज प्रत्येकाच्या मागे उभं राहिलात तर काम मंदावतं. माझं काम उरलं ते बाहेरचं: फोनचे चार्जर, मागच्या रॅकपर्यंत वायफाय आणि मालकांच्या अचानक आलेल्या मागण्या.

5. अ‍ॅडजर्निंग: टीम मोडताना

दोन महिन्यांनी तिघं दुसऱ्या गोडाऊनला गेले. जाण्याआधी प्रत्येकाने आपलं काम मागे राहणाऱ्याला एक दिवस करून दाखवलं. लीडने इथे हिशोब पूर्ण करायचा आणि कोणी काय केलं ते सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगायचं.

हे लक्षात ठेवा

हे टप्पे सरळ रेषेत येतातच असं नाही. टकमन यांनी वाचलेल्या लेखांत बरेचसे मानसोपचाराच्या गटांवरचे होते, त्यामुळे ते प्रत्येक टीमला तंतोतंत लागू होत नाहीत. आमच्याकडे दोन नवी मुलं आली आणि टीम पुन्हा "दादा, हे कुठे ठेवू?" वर आली. मी भिंतीवरचा तो जुना कागद परत दाखवला. या वेळी स्टिकरचा नियम त्यांना मी नाही, टीमनेच समजावला.