तेल जास्त असले की कढईचे तापमान का टिकते?

बटाटेवड्याचे सारण रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवले, सकाळी गोळे पिठात बुडवून एकदम चार कढईत सोडले आणि चुरचुर आवाज काही क्षणांत मंदावला, हा अनुभव अनेक घरांत येतो. तेल नीट तापलेले असते, गॅसही चालू असतो, तरी वडे तेलकट होतात किंवा फुटून सारण तेलात पसरते. तीच चार गोळ्यांची खेप वडापावच्या गाडीवरच्या मोठ्या कढईत पडली, तर तेलाला फारसा फरक पडत नाही.

याचे कारण समजण्यासाठी तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. १८० अंश सेल्सिअसचे अर्धा किलो तेल आणि १८० अंशांचेच दोन किलो तेल, दोन्हींचे तापमान एकच. पण दुसऱ्यात साठलेली उष्णता चौपट असते. तळणाच्या तापमानाला एक किलो तेल एक अंशाने निवते तेव्हा त्यातून साधारण २.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे अर्धा किलो तेल एका अंशामागे १.१ किलोज्यूल देते, तर दोन किलो तेल ४.४.

आता वड्यांची मागणी पाहू. फ्रिजमधून काढलेला गोळा सुमारे ५ अंशांचा असतो. त्याचा बाहेरचा थर तापवायला उष्णता लागतेच, पण त्याहून मोठा खर्च पाण्याची वाफ करण्याचा असतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ २.३ किलोज्यूल लागतात. वड्याभोवती उठणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. पीठ ओले असल्यामुळे पहिल्या मिनिटात ही ओढ सर्वांत जास्त असते. आवरण सुकू लागले की ती कमी होते.

मध्यम आकाराचे चार वडे पहिल्या मिनिटात ५० किलोज्यूल घेतात आणि मध्यम आचेवर तेलाला त्याच वेळात २५ मिळतात, असे धरू. उरलेले २५ किलोज्यूल तेलाच्या साठ्यातून जातात. अर्धा किलो तेल त्यापायी सुमारे २३ अंश उतरून १५७ वर येते. दोन किलो तेल जेमतेम ६ अंश उतरते आणि १७४ वर राहते. आकडे आच आणि वड्यांच्या आकारानुसार बदलतील, पण दोहोंतले प्रमाण तेच राहील.

मोठ्या कढईतले तेल लवकर सावरते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दोन्हीकडे तूट जवळपास सारखीच, २५ किलोज्यूलची, आणि ती त्याच आचेवर भरून निघायला वेळही जवळपास सारखाच लागतो. फरक एवढाच, की तो वेळ एका कढईतले वडे १७४ अंशांत काढतात आणि दुसरीतले १५७ अंशांत. तिथे वाफ जोराने सुटत नाही, आवरण धरायला उशीर लागतो, वडा जास्त वेळ तेलात राहतो, आणि कमी तापलेले तेल अधिक दाट असल्याने बाहेर काढताना अंगाला जास्त चिकटून येते.

हाच हिशेब उलटही चालतो. खेप काढल्यावर गॅस तसाच राहिला तर थोडे तेल भराभर चढते. म्हणून कमी तेलात पहिली खेप फिकी आणि दुसरी करपलेली निघते. तूट भरून काढण्यासाठी तेल आधीच धुरावेपर्यंत तापवणे हा उपाय नव्हे. आवरण लाल होते आणि आतले सारण थंडच राहते.

गोठवलेले पदार्थ आणखी उष्णता ओढतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला ०.३३ किलोज्यूल लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. गोठलेल्या बटाट्याच्या फिंगर चिप्स पिशवीतून थेट मूठभर टाकल्या की लहान कढई गप्प होते, ती यामुळे.

कढईचे वजनही हिशेबात येते. दोन किलोची लोखंडी कढई एका अंशामागे जवळजवळ एक किलोज्यूल साठवते, म्हणजे जवळपास अर्धा किलो तेलाइतके. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या कढईत हा आधार फार कमी मिळतो.

घरी दोन किलो तेल ओतणे बहुधा परवडत नाही, आणि तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा वापरण्याचा प्रश्नही असतो. पण महत्त्व प्रमाणाला आहे: दोन किलो तेलात चार वडे आणि अर्धा किलोत एक वडा यांत तापमानाची घसरण साधारण सारखीच, फक्त आच त्याच प्रमाणात कमी हवी. त्यामुळे लहान कढईत एक किंवा दोनच वडे सोडायचे, आणि बुडबुड्यांचा जोर कमी झालेला दिसला तर तो परत येईपर्यंत पुढचा टाकायचा नाही. तेल वाढवायचे झाले तरी कढई निम्म्याच्या वर भरू नये. ओले पीठ पडताच फेस वर येतो आणि तेल उतू जाऊन पेट घेऊ शकते.