घटकाक्षरे : शालेय स्नेहसंमेलनाच्या पोस्टरसाठी

ठरावीक मापाच्या मोजक्या भौमितिक तुकड्यांतून रचलेली अक्षरे. चौकोन, वर्तुळाचा पाव भाग, कमान असे तीन-चार आकार चौकटींच्या जाळीवर मांडून सगळी अक्षरे उभी करायची, जाळीबाहेरची रेघ काढायची नाही, हा या पद्धतीचा मूळ नियम. शाळेच्या गॅदरिंगच्या पोस्टरला ती विशेष सोयीची पडते, कारण तुकडे रंगीत कागदातून कापता येतात, वर्गातली अनेक मुले एकाच वेळी कामाला लागतात आणि ज्यांचे हस्ताक्षर चांगले नाही त्यांच्याही हातून एकसारखी अक्षरे तयार होतात.

या पद्धतीचे सर्वांत शुद्ध उदाहरण जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेचे आहे. तिथे शिकवणाऱ्या योसेफ आल्बर्स यांनी १९२६ ते १९३१ या काळात चौकोन, पाव वर्तुळ आणि पूर्ण वर्तुळ एवढ्याच आकारांतून रोमन वर्णमाला बांधली. पुढे १९४२ मध्ये स्पेनमध्ये जोआन त्रोचुत यांचा ‘सुपर तिपो वेलोझ’ हा खिळ्यांचा संच आला. त्यातले सुटे भाग जोडून छापखान्यातला जुळारी स्वतःच अक्षरे घडवू शकत असे. रोमन लिपीला अशी शिस्त मानवते, कारण तिची बरीच मोठी अक्षरे मुळातच उभ्या-आडव्या रेघा आणि वर्तुळखंड यांची असतात. देवनागरीत मात्र दोन अक्षरांमधला फरक पुष्कळदा एखाद्या गाठीवर, शेपटीवर किंवा शिरोरेषेतल्या तुटीवर टिकलेला असतो. आकार कमी करण्याच्या नादात नेमका तोच भाग पहिल्यांदा गळतो. त्यामुळे देवनागरी घटकाक्षरे करताना आकार किती सुंदर आहेत यापेक्षा कोणती खूण गाळून चालणार नाही, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

‘स्नेहसंमेलन’ हा शब्द या कामाची चांगली परीक्षा घेतो. त्यात जोडाक्षर आहे, दोन मात्रा आहेत, अनुस्वार आहे आणि ‘ह’सारखे अवघड अक्षरही आहे. उकार किंवा रफार मात्र नाही, हे नशीब. शब्द एका ओळीत बसवला तर अक्षरे बारीक होतात, म्हणून तो ‘स्नेह’ आणि ‘संमेलन’ असा दोन ओळींत तोडणे बरे. दोन्ही तुकडे स्वतंत्र शब्द असल्यामुळे वाचणारा अडखळत नाही.

बाजारात सहज मिळणारे कार्डशीट साधारण २२ × २८ इंचांचे, म्हणजे जवळपास ५६ × ७१ सेंमीचे असते. ते उभे धरून घराची बाजू २.५ सेंमी ठेवली, तर २० घरांची ओळ ५० सेंमीत बसते आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमी समास उरतो. शिरोरेषेला एक घर, तिच्याखाली अक्षराला पाच घरे आणि वर मात्रेला दोन, अशी एका ओळीची उंची आठ घरे होते. दोन ओळींमध्ये दोन घरांची मोकळीक धरली, तर सगळी रचना १८ घरांची, म्हणजे ४५ सेंमीची होते. आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक घर असे धरून आराखडा काढावा. कार्डशीटवर जाळी आखणे हे त्यानंतरचे काम.

आकार चार लागतात. पहिला एका घराचा चौकोन. सलग आलेले चौकोन वेगवेगळे न कापता त्यांची एकच पट्टी कापावी. दुसरी कमान : ५ सेंमीच्या चौरसाच्या एका कोपऱ्यावर कंपासचे टोक रोवून ५ आणि २.५ सेंमी त्रिज्येचे दोन कंस काढायचे आणि मधला पट्टा कापून घ्यायचा. कमान कापल्यावर आतून जो तुकडा सुटतो तो २.५ सेंमी त्रिज्येचे पाव वर्तुळ असतो, आणि तोच तिसरा आकार. तो फेकायचा नाही, कारण ‘म’ आणि ‘न’ यांच्या गाठी त्यातूनच होतात. चौथी अनुस्वाराची टिकली. तिचा व्यास २.५ ऐवजी ३ सेंमी घ्यावा, कारण समान मापाचे वर्तुळ चौकोनाशेजारी लहान दिसते.

आता अक्षरे. ‘न’ चार घरे रुंद आहे. चौथ्या स्तंभात पाच घरांची उभी दांडी, तिसऱ्या ओळीत तिला डावीकडून येऊन मिळणारी दोन घरांची आडवी पट्टी आणि पहिल्या स्तंभात एकावर एक ठेवलेली दोन पाव वर्तुळे. त्यांची सरळ बाजू उजवीकडे राहते आणि अर्धगोल गाठ तयार होते. हीच गाठ ‘म’ला लागते. तिथे दुसऱ्या स्तंभात शिरोरेषेपासून चार घरांची दांडी उतरते, चौथ्या ओळीतला एक चौकोन तिला उजव्या दांडीशी जोडतो आणि गाठ डावीकडे चिकटते. गाठ अनावश्यक वाटून काढून टाकली, तर उरलेला आकार ‘प’कडे झुकतो आणि पोस्टरवर ‘संपेलन’ दिसू लागते.

‘स’ चार घरांत बसतो. दुसऱ्या स्तंभात शिरोरेषेखाली एक चौकोन, त्याखाली उजवीकडून डावीकडे वळणारी कमान, तिच्याखाली डावीकडून उजवीकडे वळणारी दुसरी कमान. एवढे झाले की ‘र’ तयार होतो. तिसऱ्या ओळीत आडवी पट्टी आणि शेवटी दांडी जोडली की त्याचा ‘स’. इथे एक बारीक अडचण येते. कमानीची बाहेरची कड गोल असल्याने पट्टी तिला नुसती टेकवली तर दोघींमध्ये त्रिकोणी फट राहते. म्हणून पट्टी दोन घरांची कापून तिचे एक घर कमानीखाली सरकवावे. लांबून पाहिल्यावर फट कागद फाटल्यासारखी दिसते, तेव्हा हा जोड चिकटवण्यापूर्वीच तपासलेला चांगला.

‘स्ने’ मध्ये दांडी गाळून ‘स्’ तीन घरांचा होतो. त्याची आडवी पट्टी मात्र राहिलीच पाहिजे, ती गेली तर उरतो केवळ ‘र’. ही पट्टी ‘न’च्या गोल गाठीला एकाच बिंदूत स्पर्श करते, त्यामुळे जोड कच्चा दिसतो. उपाय सोपा आहे : या ‘न’च्या गाठीतले वरचे पाव वर्तुळ काढून तिथे चौकोन ठेवायचा, खालचे तसेच राहू द्यायचे. नियम मोडला असे वाटेल, पण तुकडे संचातलेच आहेत. मात्रेसाठी एकच कमान पुरते. दांडीच्या वर उभी राहून ती डावीकडे वळते.

‘ह’ला पाच घरांची उंची पुरत नाही. वरचा आखूड देठ, मग पट्टी, पोकळी, पट्टी, पोकळी, पट्टी अशी त्याची मजल्यांची रचना आहे, त्यातच सहा घरे संपतात. उरलेली शेपटी गाळावी तर अक्षर ‘ड’ होऊन बसते. म्हणून ‘ह’ला सात घरे द्यावीत आणि तो दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत उतरू द्यावा. तिथे तो कशावर आदळत नाही. पहिल्या ओळीत ‘स्’ तीन, ‘न’ चार आणि मधले एक घर धरल्यावर ‘ह’ नवव्या ते बाराव्या स्तंभात येतो. त्याच्या उजव्या भागाखाली दुसऱ्या ओळीतला ‘ल’ आहे आणि ‘ल’वर मात्रा नाही. ‘मे’ची मात्रा आठव्या-नवव्या स्तंभात संपते, शेपटी दहाव्यापासून पुढे जाते.

‘ल’बाबत मराठी शाळेने आग्रही असायला हरकत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण ठरवला, पण संगणकावरच्या अनेक टंकांमुळे पोस्टरवर दांडीचाच ‘ल’ येतो. घटकाक्षरांत पाकळीचा ‘ल’ उलट अधिक सोपा आहे : पाच घरांच्या मधल्या स्तंभात देठ, त्याच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या दोन कमानी आणि त्यांची टोके खाली उतरलेली. ‘स’, ‘म’ आणि ‘न’ यांच्या उभ्या दांड्यांमुळे ओळ कुंपणासारखी दिसू लागते, तिला या अक्षराने थोडा श्वास मिळतो.

अक्षरांमध्ये एक-एक घर मोकळे सोडून शिरोरेषा सलग लावली की ‘संमेलन’ बरोबर २० घरांत बसते : चार, चार, पाच, चार आणि मधली तीन. ‘स्नेह’ १२ घरांचा आहे. त्याच्या उजवीकडे उरलेल्या २० सेंमी रुंदीच्या जागेत चित्र किंवा शाळेचे बोधचिन्ह ठेवता येते. लहान ओळ ताणून मोठीएवढी करायचा मोह होतो, तो टाळावा, कारण घराचे माप बदलले की कमानीची जाडीही बदलते आणि दोन ओळी दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारख्या दिसतात.

शब्द बदलला की धोकेही बदलतात. ‘धमाल’ लिहायचे असेल तर सलग शिरोरेषा चालत नाही. ‘ध’च्या डोक्यावरची तूट बुजली की वाचणारा ‘घमाल’ वाचतो. ‘भ’ची तीच गत, तूट बुजली तर ‘म’. अशा ठिकाणी शिरोरेषेची पट्टी अक्षराच्या डाव्या बाजूला एक घर तोडावी लागते. ‘क्रीडा महोत्सव’ घेतला तर ‘क्री’च्या रकारासाठी खाली जागा ठेवावी लागते, म्हणजे ओळींमधले अंतर आधीच वाढवावे लागते.

चिकटवण्याआधी सगळे तुकडे जाळीवर नुसते मांडून दुरून पाहावे. दूर लावलेल्या पाट्यांसाठी दर तीन मीटरला २.५ सेंमी उंचीचे अक्षर असा एक ठोकताळा सांगितला जातो. देवनागरीत पोकळ्या लहान असल्याने तो निम्माच धरावा. शिरोरेषेसकट इथली उंची १५ सेंमी, म्हणजे सुमारे नऊ मीटर. तेवढ्या अंतरावरून, शब्द आधी ठाऊक नसलेल्या एखाद्या मुलाला तो वाचायला लावावा. तो ‘ह’ किंवा ‘म’वर थबकला तर गाठ आणि शेपटी पुन्हा पाहावी. शिक्षकांनी किंवा ज्यांनी तुकडे कापले त्यांनी केलेली तपासणी निरुपयोगी असते, त्यांना शब्द पाठ झालेला असतो.

तारीख, वेळ आणि स्थळ यांसाठी ही अक्षरे वापरू नयेत. घर एक सेंमीच्या खाली गेले की हाताने कापलेल्या कमानी ओबडधोबड होतात आणि पोकळ्या बुजतात. खाली उरलेल्या सुमारे २० सेंमीच्या पट्ट्यात तो मजकूर साध्या, नीट हस्ताक्षरात मार्करने लिहावा.