सिम कार्डावरील क्रमांक
भ्रमणध्वनीत घालावयाच्या सिम कार्डावर अठरा ते वीस अंकांची एक ओळ छापलेली असते. जागा अपुरी असल्यास ती दोन किंवा अधिक ओळींत मोडलेली आढळते. हा क्रमांक म्हणजे दूरध्वनी क्रमांक नव्हे. तो त्या विशिष्ट कार्डाचा क्रमांक असून त्याला संकलित मंडल पत्र ओळख-क्रमांक किंवा संक्षेपाने आयसीसीआयडी असे म्हणतात. भ्रमणध्वनी सेवेत एकूण तीन क्रमांक एकत्र नांदतात : कार्डाचा, ग्राहकखात्याचा आणि दूरध्वनीचा. हे तिन्ही वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांतून निर्माण झाले आणि त्यांची मांडणीही निरनिराळी आहे.

यांपैकी कार्डाचा क्रमांक मुळात भ्रमणध्वनीसाठी योजिलेला नव्हता. परगावी किंवा परदेशी असताना दुसऱ्याच्या यंत्रावरून दूरध्वनी करून त्याचा आकार आपल्या खात्यावर घालता यावा, यासाठी दूरसंचार संस्था आकारपत्रे देत असत. बँकेच्या पत्रांप्रमाणे या पत्रांनाही जगभर एकच क्रमांकपद्धती हवी, म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.११८ या शिफारशीत ती ठरविण्यात आली (१९८८). पुढे म्यूनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्या या भ्रमणध्वनी सेवेला पहिली सिम कार्डे पुरविली. प्रारंभीचे सिम कार्ड आकारानेही बँकेच्या पत्राएवढेच, म्हणजे सु. ८६ × ५४ मिमी. होते. क्रमांकाची जुनी पद्धती त्याला जशीच्या तशी लागू पडली. पुढे कार्डाभोवतीचे प्लॅस्टिक कमी होत जाऊन नॅनो सिम १२·३ × ८·८ मिमी. इतके लहान झाले, तरी क्रमांकाची लांबी तीच राहिली.

या क्रमांकाचे पहिले दोन अंक ८९ असतात. प्रमाणित पत्रांच्या जागतिक वर्गवारीत ही जोडी दूरसंचारासाठी राखून ठेवलेली आहे. त्यानंतर देशाचा दूरध्वनी संकेतांक येतो. भारताचा तो ९१ असल्याने भारतीय कार्डावरील क्रमांकाचा प्रारंभ सामान्यतः ८९९१ असा असतो. पुढचे काही अंक कार्ड देणाऱ्या कंपनीचे, त्यानंतरचे त्या कार्डाचे स्वतःचे आणि अखेरचा पडताळा अंक असतो. प्रमाणानुसार एकूण अंक जास्तीत जास्त १९ असतात. तथापि कार्डातील या माहितीच्या कप्प्यात वीस अंक मावतात व काही कंपन्या ते सर्व वापरतात. त्यामुळे एकोणीस व वीस अशा दोन्ही लांबींचे क्रमांक आढळतात.

पडताळा अंक काढण्याची रीत आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शोधून काढली. त्यांनी १९५४ मध्ये अर्ज केलेले एकस्व १९६० मध्ये मंजूर झाले. उदाहरणादाखल ८९९१ ०००० ०००० १२३४ ५६ हे कल्पित अठरा अंक घेऊ. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा क्रमाने एकाआड एक अंकांची दुप्पट करावयाची आणि दुप्पट दोन अंकी आल्यास तिच्यातील अंकांची बेरीज घ्यावयाची. येथे ६, ४, २, १ व ९ यांपासून अनुक्रमे ३, ८, ४, २ व ९ मिळतात. त्यांची बेरीज २६ होते. उरलेल्या ५, ३, १, ९ व ८ या अंकांची बेरीजही २६ होते. एकूण ५२ झाले. त्यापुढील दहाची पूर्ण पट ६० असल्याने पडताळा अंक ८ येतो. दुकानदाराने कार्डावरील ३ हा अंक चुकून ८ असा वाचला, तर बेरीज ६० ऐवजी ६५ होते आणि संगणक क्रमांक नाकारतो. एका अंकाची कोणतीही चूक या रीतीने पकडली जाते. लगतच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा पकडली जाते. मात्र ० व ९ यांची झालेली अदलाबदल निसटते.

दुसरा क्रमांक कार्डावर सहसा छापत नाहीत. तो कार्डाच्या आत साठविलेला असतो. त्याला आंतरराष्ट्रीय भ्रमण-ग्राहक ओळख किंवा आयएमएसआय म्हणतात. हा जास्तीत जास्त पंधरा अंकी असतो व ई.२१२ या शिफारशीनुसार बनतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचे असतात, पण ते दूरध्वनी संकेतांकाहून वेगळे असतात. भारतीय ग्राहकांसाठी ४०४ व ४०५ हे अंक वापरात आहेत. पुढचे दोन किंवा तीन अंक सेवाजालाचे व बाकीचे ग्राहकाचे होत. भारतात परवाने परिमंडळवार दिले गेल्यामुळे एकाच कंपनीचे मुंबईतील व उर्वरित महाराष्ट्र-गोव्यातील सेवाजाल-संकेतांक निराळे असू शकतात. भ्रमणध्वनी सुरू होताच सेवाजाल ग्राहकाला या क्रमांकावरून ओळखते आणि कार्डातील गुप्त किल्लीच्या आधारे ती ओळख पडताळते. ही किल्ली कार्डाबाहेर कधीही पाठविली जात नाही.

तिसरा, म्हणजे दूरध्वनी क्रमांक, ई.१६४ या शिफारशीनुसार असतो. भारतात त्यात ९१ व त्यापुढे दहा अंक येतात. तो कार्डात असलाच पाहिजे असे नाही. त्याची नोंद करण्यासाठी कार्डात जागा असते. परंतु ती पुष्कळदा रिकामी असते किंवा जुना क्रमांक दाखविते. कोणता दूरध्वनी क्रमांक कोणत्या ग्राहक-ओळखीचा, याची प्रमाण नोंद सेवाजालाच्या मध्यवर्ती नोंदवहीत असते.

या विभागणीचा उपयोग भारतात क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीमुळे प्रत्ययास आला. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात व २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. ग्राहकाला नव्या कंपनीचे कार्ड मिळते. त्याचा कार्डक्रमांक आणि आयएमएसआय हे दोन्ही नवे असतात, पण दूरध्वनी क्रमांक जुनाच राहतो. त्यामुळे दूरध्वनी क्रमांकाच्या आरंभीच्या अंकांवरून कंपनी ओळखता येईलच असे आता उरले नाही. आयएमएसआयवरून मात्र ती कळते. हरवलेल्या कार्डाऐवजी त्याच कंपनीचे दुसरे कार्ड घेतानाही दूरध्वनी क्रमांक नव्या कार्डाशी जोडला जातो व जुने कार्ड निकामी होते.

या जोडणीतच एक धोका संभवतो. छापलेला कार्डक्रमांक गुप्त नसतो व केवळ त्यावरून कार्डाची नक्कल करता येत नाही, कारण गुप्त किल्ली त्यातून मिळत नाही. परंतु कार्ड बदलताना नव्या कार्डाचा क्रमांक कंपनीला कळवावा लागतो. फसविणारी व्यक्ती आपल्याजवळच्या कोऱ्या कार्डाचा क्रमांक ग्राहकाकडूनच संदेशाद्वारे कंपनीकडे पाठविण्याचा प्रयत्न करते. तो साधल्यास ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक त्या कार्डाशी जोडला जातो आणि बँकेचे परवलीचे संदेश तिकडे जाऊ लागतात. नेहमी सेवा मिळणाऱ्या ठिकाणी, आसपासच्या इतरांची सेवा चालू असताना आपल्या भ्रमणध्वनीची सेवा एकाएकी व पूर्णपणे बंद पडणे, हे याचे पहिले लक्षण होय. अशा वेळी दुसऱ्या दूरध्वनीवरून कंपनीला व बँकेला तत्काळ कळविणे आवश्यक ठरते.

यंत्रातच बसविलेल्या ई-सिममध्ये छापील कार्ड उरलेले नाही, तथापि कार्डक्रमांक नाहीसा झालेला नाही. त्या मंडलाला ८९ ने सुरू होणारा स्वतःचा बत्तीस अंकी क्रमांक असतो आणि त्यात उतरविलेल्या प्रत्येक सेवेच्या संचाला वेगळा आयसीसीआयडी मिळतो.