उच्चीचा शुक्र आणि न केलेली चौकशी

सोलापुरात पंचांगाचा अभ्यास घरोघरी झिरपलेला आहे. दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे याच गावातून निघते, आणि लग्नाच्या बैठकीत पत्रिका उघडली की ग्रहांचे अंश विचारणारे एखादे आजोबा हमखास निघतात. अशाच बैठकींत एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकतो: ‘मुलीचा शुक्र उच्चीचा आहे, संसाराची काळजी नको.’ या वाक्याला माझा विरोध आहे.

आधी समोरच्यांची बाजू. शुक्र हा विवाहाचा कारक. मीन ही त्याची उच्च रास. उच्चीचा शुक्र लग्नापासून केंद्रात असेल तर मालव्य योग होतो, आणि जोडीदार, वाहन, वैभव ही त्याची फळे ग्रंथांनी सांगितली आहेत. बळकट कारक शुभ फळ देईल, हा त्यांचा तर्क सरळ आहे आणि त्यामागे परंपरा आहे. ती मलाही मान्य आहे.

मात्र उच्चत्व बळ सांगते. ते बळ कोणत्या वृत्तीला मिळाले, हे रास सांगते. मीन गुरूची रास, मोक्षत्रिकोणातली शेवटची. तिथला शुक्र प्रेमात भक्ती आणतो: वाहून घेणे, क्षमा करणे, समोरच्यात आदर्श पाहणे. मग या वृत्तीत उणे काय? उत्तर वराहमिहिरांच्या बृहज्जातकातील उच्चनीचांच्या यादीतच आहे. शुक्र मीनेत २७ अंशांवर परमोच्च, कन्येत तितक्याच अंशांवर परमनीच. बुध कन्येत १५ अंशांवर परमोच्च, मीनेत परमनीच. म्हणजे जिथे प्रेम शिखरावर, तिथेच पारख तळाला. जिथे पारख तीक्ष्ण, तिथे प्रेम कोमेजलेले. ही मांडणी योगायोगाची वाटते का? मला वाटत नाही.

यावर कोणी म्हणतात, जोडीदाराचे दोष न दिसणे हे फळ पाश्चात्त्यांचे. त्यांनी मीनेचे स्वामित्व नेपच्यूनला दिले आणि त्यातून हा भ्रम आला. नेपच्यूनचा शोध १८४६ चा. त्याची इथे गरजच नाही. बुधाचे नीचत्व पुरेसे आहे.

आता एक आकाश प्रत्यक्ष तपासू. शुक्र मीनेत एरवी सुमारे २५ दिवस असतो. २०२५ मध्ये वक्री झाल्यामुळे तो जानेवारीअखेरपासून मेअखेरपर्यंत तिथेच होता. २३ मार्चला सूर्यास्ताच्या सुमारास सोलापुरात जन्मलेले बाळ घ्या. लग्न कन्या. सप्तमात मीनेचा शुक्र, केंद्रात, म्हणजे मालव्य योग. बैठकीतले आजोबा इथेच पत्रिका मिटतील. पुढे वाचू या. शुक्र सुमारे ८ अंशांवर, वक्री, आणि सूर्याला अगदी लागून अस्तंगत. मीनेत ६ अंश ४० कलांपासून १० अंशांपर्यंत कन्या नवमांश असतो, म्हणून राशीत उच्च असलेला हा शुक्र नवमांशात नीच. त्याच्या शेजारी बुध, नीचीचा, वक्री आणि अस्तंगत. आणि कन्या लग्नाला तोच लग्नेश. जातकाची स्वतःची विवेकबुद्धीच जोडीदाराच्या घरात जाऊन नीच झाली. नीचभंग मांडता येईल, कारण बुध उच्चीच्या शुक्राबरोबर केंद्रात आहे. पण ज्याच्या जिवावर तो मांडायचा, तो शुक्रच अस्तंगत आहे. ही पत्रिका ‘काळजी नको’ म्हणते? माझ्या मते ती म्हणते, हे मूल प्रेम करील तेव्हा प्रश्न विचारणार नाही. ते त्याच्या माणसांनी विचारावेत.

त्याच मीनेत २८ मेच्या सुमारास शुक्र २७ अंशांवर होता: मार्गी, मीन नवमांशात म्हणून वर्गोत्तम, आणि बुध त्याला सोडून वृषभेत गेलेला. त्या दिवशीच्या बाळाच्या प्रेमात भक्ती असेल आणि डोळेही उघडे असतील. दोघांच्या पत्रिकेत ‘शुक्र उच्चीचा’ हीच अक्षरे लिहिली जातील. मग त्या अक्षरांवरून स्थळाला होकार कसा द्यावा? छत्तीस गुणांचा मेळही इथे मदतीला येत नाही, कारण तो चंद्राच्या नक्षत्र-राशींवरून काढतात. त्यात शुक्राकडे कोणी पाहतच नाही.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. शुक्राची ही भक्ती आपल्याला ओळखीची आहे आणि प्रियही आहे. पण देवाची चौकशी करायची नसते. स्थळाची करायची असते. अशा शुक्राची मुलगी वा मुलगा उधारी, व्यसन, तुटक बोलणे हे सारे ‘सुधारेल’ म्हणून पोटात घालण्याकडे झुकतो, आणि घरचे पत्रिकेवर विसंबून चौकशी सोडतात. दोन्ही बाजूंचे डोळे एकाच वेळी मिटतात.

निवाडा वाचकांनी करावा. घरातली पत्रिका काढा, मीनेतल्या शुक्राचे अंश पाहा, त्याचा नवमांश पाहा, मग बुध कुठे आहे ते पाहा. आणि बुध शेजारीच नीच होऊन बसलेला दिसला, तर होकार देण्यापूर्वी मुलाच्या गावी एकदा जाऊन या.